शिळ्या भाताचा हिशेब

रात्रीचा उरलेला भात सकाळीं मोकळा करून त्यास मोहरी-हिंगाची फोडणी देणें ही महाराष्ट्रांत घरोघरची रीत आहे. निवून पुन्हा तापविलेला हा भात ताज्या भातापेक्षां कमी उष्मांक देतो, असें हल्लीं पुष्कळदां ऐकूं येतें. त्यांत तथ्य आहे. मात्र तें किती, हें मोजून पाहिलें पाहिजे.

तांदळाच्या दाण्यांत पिष्टाचे बारीक कण दाटीनें भरलेले असतात. पिष्ट म्हणजे ग्लुकोज शर्करेच्या लांबच लांब साखळ्या. त्यांतील सरळ साखळ्यांस अमायलोज म्हणतात, आणि झाडासारख्या फांद्या फुटलेल्यांस अमायलोपेक्टिन. भात शिजतांना कण पाणी पिऊन फुगतात, साखळ्या सुट्या होतात, व पाचक रसांना त्या सहज तोडतां येतात. भात निवूं लागला कीं त्या पुन्हा एकमेकींस बिलगून घट्ट बसतात. थंड भाताचें शीत कडक लागतें तें यामुळेंच. या घट्ट विणीत पाचक रसांचा शिरकाव होत नाहीं, आणि पिष्टाचा तेवढा अंश लहान आंतड्यांत न पचतां पुढें जातो. त्यास प्रतिरोधी पिष्ट म्हणतात. उकडून निवविलेल्या बटाट्यांतही हेंच घडतें.

मग भात तापविल्यावर ही वीण उसवत कां नाहीं? फांद्यांच्या साखळ्यांची वीण ६० अंश सेंटिग्रेडच्या आसपास सुटते, म्हणून भात पुन्हा मऊ होतो. सरळ साखळ्यांची वीण मात्र उकळत्या पाण्याच्या उष्णतेसही दाद देत नाहीं.

आतां हिशेब. इंडोनेशियांत झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, १०० ग्रॅम ताज्या भातांत ०.६४ ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट आढळलें. ४ अंशांवर २४ तास ठेवून पुन्हा तापविलेल्या भातांत तें १.६५ ग्रॅम झालें. म्हणजे वाढ सुमारें १ ग्रॅमची. साधें पिष्ट ग्रॅममागें ४ उष्मांक देतें. प्रतिरोधी पिष्ट मोठ्या आंतड्यांतील जंतू आंबवितात, आणि त्यांतून सुमारें २ उष्मांक शरीरास परत मिळतात. तेव्हां २०० ग्रॅम भाताच्या सुमारें २६० उष्मांकांतून बचत होते ती अवघी ४ उष्मांकांची. उलट फोडणीचें एक चहाचा चमचा तेल ४० उष्मांकांची भर घालतें! त्याच प्रयोगांत निरोगी माणसांच्या रक्तांतील साखर या भातानें कांहींशी कमी चढली, हें खरें. पण तेवढ्यावर विसंबून मधुमेही माणसानें भाताचें माप वाढवूं नये.

एक धोका मात्र या बचतीहून मोठा आहे. तांदळांतील बॅसिलस सीरियस नांवाच्या जंतूचीं बीजें शिजवूनही मरत नाहींत. भात कोमट स्थितींत तासन्‌तास राहिला तर तीं रुजतात, आणि त्यांनीं केलेलें वांतिकारक विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाहीं. असा भात वासानें ओळखूं येईलच असें नाहीं. म्हणून भात ठेवावयाचा असेल तर तो पसरट भांड्यांत लवकर निववावा, तासाभरांत रेफ्रिजरेटरमध्यें ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीं एकदांच, वाफ येईपर्यंत तापवून संपवावा.