तिसऱ्या माणसाची किंमत

एकाच कंपनीतले चार इंजिनिअर एकच परीक्षा देतात. चौघांची फी सारखी, अभ्यासक्रम सारखा, हाती येणारं प्रमाणपत्रही सारखं. तरीही कंपनीच्या हिशेबात पहिल्या दोघांच्या प्रमाणपत्रांनी फारसं काही हलत नाही आणि तिसऱ्याच्या प्रमाणपत्राने एक बंद दार उघडतं. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा थक्क झालो. ‘माझ्या परीक्षेची फी कंपनीने भरावी’ अशी विनंती करणाऱ्या साध्या ईमेलचं सगळं बळ या एका गोष्टीत असतं: आपण कितवे आहोत?

उदाहरण घेऊ सीकेए या परीक्षेचं. पूर्ण नाव ‘सर्टिफाइड कुबरनेटीज ॲडमिनिस्ट्रेटर’. कुबरनेटीज ही गूगलने 2014 साली सर्वांसाठी खुली केलेली प्रणाली. शेकडो संगणकांवर पसरलेली सॉफ्टवेअरं कुठे चालवायची, बंद पडली तर पुन्हा कशी उभी करायची, हे ती पाहते. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्यातल्या तांडेलाचाच हा भाऊबंद. परीक्षा घेते लिनक्स फाउंडेशन, तिच्या छत्राखालच्या सीएनसीएफ या संस्थेसोबत.

या परीक्षेत पर्याय निवडायचे प्रश्नच नाहीत. दोन तास समोर खरा टर्मिनल असतो. `kubectl get nodes` लिहिलं की एखाद्या यंत्रापुढे `NotReady` दिसतं, आणि ते का बिघडलं हे शोधून दुरुस्त करायचं असतं. कुबरनेटीजची अधिकृत माहितीपानं उघडायची मुभा असते, कारण पाठांतर तपासायचंच नसतं. 30 टक्के गुण तर निव्वळ बिघाड शोधण्याला आहेत. उत्तीर्ण व्हायला 66 टक्के लागतात. फीमध्येच एक फेरपरीक्षा मिळते आणि नोंदणीपासून वर्षभरात कधीही बसता येतं. प्रमाणपत्र मात्र दोनच वर्षं टिकतं. ही शेवटची बाब लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आता असं धरू की पुण्यातल्या एका साठ जणांच्या कंपनीत एक इंजिनिअर आहे आणि तिला ही परीक्षा द्यायची आहे. फी 445 डॉलर. डॉलर 88 रुपयांना धरला तर 39 हजारांच्या थोडी वर, कर वेगळा. मॅनेजरना लिहायचा मेल तिने उघडलाय. पहिलं वाक्य बहुतेक जण लिहितात तसंच तिलाही सुचतं: ‘यामुळे माझी कौशल्यं वाढतील आणि टीमला फायदा होईल.’ वाक्य खरं आहे, पण त्यात मॅनेजरना पुढे पाठवण्याजोगं काही नाही. एवढा खर्च ते एकट्याच्या सहीने क्वचितच मंजूर करतात. मेल त्यांच्या वरिष्ठांकडे, तिथून हिशेब पाहणाऱ्याकडे जातो, आणि त्या माणसाला कुबरनेटीज म्हणजे काय हे ठाऊक नसतं. मेलचा खरा वाचक तोच.

मग ती आकडे शोधते आणि तिला एक घसघशीत आकडा सापडतो. कुबरनेटीजच्या नव्या आवृत्त्या वर्षाला साधारण तीन येतात. ॲमेझॉनच्या ईकेएस सेवेवर प्रत्येक आवृत्तीला 14 महिने नेहमीचा आधार मिळतो, दर ताशी 10 सेंट. त्यानंतरही जुन्याच आवृत्तीवर राहिलात तर दर ताशी 60 सेंट होतो. तिच्या टीमचे दोन क्लस्टर असेच मागे राहिलेत. ताशी 50 सेंटचा भुर्दंड, महिन्याचे सुमारे 730 तास, दोन क्लस्टर: महिन्याला 730 डॉलर विनाकारण जातात. परीक्षेची फी महिन्याच्या आत वसूल! मेल जवळजवळ लिहून झाला.

पण इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो मॅनेजर विचारणारच: ‘हे क्लस्टर तू परीक्षा न देताही अद्ययावत करू शकतेस ना?’ करू शकते. मग ही बचत परीक्षेची नाही, तिच्या कामाची आहे, आणि ते काम तर उद्याच सुरू करायला हवं. ही बचत परीक्षेच्या नावावर टाकली तर मॅनेजरना तो जोड सैल आहे हे क्षणात कळतं आणि मेलमधल्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. कसोटी सोपी आहे: परीक्षा वजा केली तर जो फायदा नाहीसा होतो, तेवढाच परीक्षेचा फायदा.

या कसोटीला उतरणारं काय आहे? सीएनसीएफची एक यादी आहे, केसीएसपी नावाची. कुबरनेटीजची सेवा देणाऱ्या प्रमाणित कंपन्यांची. त्या यादीत यायला कंपनी सीएनसीएफची सदस्य असावी लागते, मोठ्या ग्राहकांना सेवा देणं हा तिचा व्यवसाय असावा लागतो, आणि तिच्याकडे सीकेए उत्तीर्ण झालेले किमान तीन इंजिनिअर लागतात. कितीही हुशार असले तरी दोन चालत नाहीत. आपल्या उदाहरणातली कंपनी सदस्य आहे, व्यवसायही तोच आहे, आणि तिच्याकडे आज असे दोघे आहेत. ही तिसरी. तिसरं प्रमाणपत्र आलं नाही तर यादीत नाव लागत नाही.

मेलमध्ये आणखी एक किंमत सांगावी लागते, आणि बहुतेकांच्या मेलमधून तीच गळते. आठ आठवडे दर आठवड्याला कामाचे दोन तास अभ्यासाला हवेत, म्हणजे 16 तास. ग्राहकाला तिच्या तासाचे 25 डॉलर लागत असतील तर हे झाले 400 डॉलर. म्हणजे खर्च 445 चा नसून 845 चा आहे! हा आकडा तिने स्वतः लिहिला नाही तर हिशेब पाहणारा तो शोधून काढतो. तिने लिहिला तर वाचणाऱ्याला कळतं की हिने आपल्या बाजूने पाहिलंय.

असे मेल आपल्याकडे इंग्रजीत जातात, पण मजकुराचा सांगाडा मराठीत पाहू:

‘विषय: सीकेए परीक्षेची फी – केसीएसपी यादीसाठी तिसरं प्रमाणपत्र

नमस्कार सर,

सीकेए परीक्षेची फी कंपनीने भरावी, अशी विनंती आहे. केसीएसपी यादीत येण्यासाठी तीन सीकेए इंजिनिअर लागतात. आपल्याकडे दोन आहेत, मी तिसरी होईन. यादीच्या इतर अटी आपण पूर्ण करतो. गेल्या तिमाहीत दोन ग्राहकांनी आपण या यादीत आहोत का, असं विचारलं होतं.

खर्च: फी 445 डॉलर, अधिक कर. कामाच्या वेळेतले 16 तास, म्हणजे 400 डॉलर; एकूण 845. बाकीचा अभ्यास मी घरी करीन.

एक बाब आधीच सांगते. दोघांपैकी एकाच्या प्रमाणपत्राची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. त्याचं नूतनीकरण झालं नाही तर आपण पुन्हा दोनवर येऊ, म्हणून तो खर्चही आताच धरावा.

फीमध्ये एक फेरपरीक्षा आहे. दोन्ही वेळा अनुत्तीर्ण झाले तर फी मी परत करीन. निकालानंतर वर्षाच्या आत नोकरी सोडली तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम भरीन.

नोव्हेंबरअखेर परीक्षेवर बहुधा सवलत असते. तेव्हा नोंदणी करून जानेवारीत परीक्षा देईन. आपला निर्णय 20 नोव्हेंबरपर्यंत कळला तर सोयीचं होईल.’

यात दोन क्लस्टरचा उल्लेखही नाही. ते काम ती वेगळ्या मेलने मांडते.

मेलच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदातलं नोकरी सोडण्याबद्दलचं वाक्य दिसायला साधं, पण त्यामागे अर्थशास्त्रातलं एक जुनं कोडं आहे. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने 1964 साली मानवी भांडवलावरच्या आपल्या पुस्तकात प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. एक, जे फक्त याच कंपनीत उपयोगी पडतं; दुसरं, जे कुठेही चालतं. बेकरचं म्हणणं असं की दुसऱ्या प्रकारचा खर्च कंपनीने करण्यात अर्थ नाही. कामगार शिकला की बाजार त्याला तेवढा जास्त पगार देऊ करणार, आणि फायदा त्याच्यासोबत दाराबाहेर जाणार. सीकेए तर शंभर टक्के दुसऱ्या प्रकारातलं. या तर्काने तिच्या मेलचं उत्तर ‘नाही’ असंच यायला हवं.

पण प्रत्यक्षात कंपन्या पैसे भरतात. का भरतात, याचा शोध दारोन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी 1998 साली जर्मनीतल्या उमेदवारीचा अभ्यास करून घेतला. त्यांचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. आपला माणूस कसा आहे हे सध्याच्या कंपनीला जितकं कळतं तितकं बाहेरच्यांना कळत नाही. त्यामुळे कौशल्य वाढलं तरी बाहेरून येणारा पगाराचा देकार त्या प्रमाणात वाढत नाही. या दोहोंमधल्या फटीत कंपनीचा खर्च निघतो. पण प्रमाणपत्राचं काम नेमकं बाहेरच्यांना माणसाची ओळख पटवून देण्याचं! म्हणजे ते ही फट थोडी बुजवतं आणि मॅनेजरची धास्ती रास्त ठरते. महिन्यांच्या प्रमाणात परतफेडीची तयारी ती फट पुन्हा थोडी उघडते. 1872 सालच्या भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करार मोडल्यास ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते; म्हणूनच प्रत्यक्ष झालेला आणि महिन्यागणिक घटत जाणारा खर्च लिहिणं दोन्ही बाजूंना परवडतं.

आणि चौथा? त्याने हाच मेल नाव बदलून पाठवला तर तो पडेल, कारण यादीत नाव तर तिसरीने लावलंय. पण त्याने तारखा मांडून पाहाव्यात. प्रत्येक प्रमाणपत्र दोन वर्षांनी मावळतं, आणि तिघांपैकी कुणी एकाने राजीनामा दिला की आकडा दोनवर येतो. ज्या दिवशी तसं होईल, त्या दिवशी चौथाच तिसरा असेल. त्याच्या मेलचं पहिलं वाक्य तिथून सुरू व्हायला हवं.