तीन सेंटिमीटरची गाठ आणि उरलेलं यकृत

यकृतात कॅन्सरची लहान गाठ सापडली की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, "काढून टाकता येईल का?" गाठ काढता येतेच, बहुतेक वेळा. डॉक्टरांना काळजी असते ती दुसऱ्याच गोष्टीची: गाठीबरोबर जेवढं यकृत जाईल, त्यानंतर उरलेल्यावर माणूस जगेल का?

यकृताच्या पेशींचा कॅन्सर बहुतेकदा आधीच बिघडलेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू किंवा मधुमेहासोबत येणारं फॅटी लिव्हर यांतून वर्षानुवर्षं सूज राहते, व्रण पडत जातात, यकृत कडक होतं. हाच सिरोसिस. म्हणजे एकाच अवयवात दोन आजार असतात, आणि एकाच्या उपचारानं दुसरा बळावू शकतो.

उदाहरणासाठी एक रुग्ण कल्पू. वय ५८, जुना हिपॅटायटिस बी, औषधं चालू. दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात, खोलवर, २.८ सेंटिमीटरची एकच गाठ दिसली. मग तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन झाला. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं: सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि बाकीचं धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. म्हणून औषध टोचल्यावर धमनीच्या टप्प्यात ती उजळते आणि पुढच्या टप्प्यात आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडते. सिरोसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल तर सुई घालून तुकडा काढण्याची सहसा गरज पडत नाही. ते टाळलेलंच बरं, कारण सुईच्या वाटेवर कॅन्सर पसरण्याचा थोडा धोका असतो.

आता यकृताची शिल्लक ताकद मोजायची. पहिलं माप म्हणजे चाइल्ड-प्यू. बिलीरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा आयएनआर, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण. आपल्या रुग्णाचं बिलीरुबिन १.४ (एक गुण), अल्ब्युमिन ३.३ (दोन गुण), आयएनआर १.२ (एक गुण), पोटात पाणी नाही, शुद्ध साफ (प्रत्येकी एक गुण). एकूण सहा, म्हणजे 'अ' वर्ग. कागदावर छान दिसतं, आणि इथेच फसायला होतं. हे माप मुळात १९६४ मध्ये अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांच्या रुग्णांवरच्या शस्त्रक्रियांसाठी बनलं आणि १९७३ मध्ये सुधारलं गेलं. यकृताचा मोठा भाग कापला तर काय होईल, हे एवढ्यावरून कळत नाही.

त्याच रक्ततपासणीत प्लेटलेट्स ८४ हजार आहेत. प्लीहा १५ सेंटिमीटरपर्यंत वाढलेली आहे आणि एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या दिसतात. याचा अर्थ पोर्टल शिरेतला दाब वाढलाय. कडक यकृतातून रक्त पुढे सरकायला जागा कमी पडतेय, म्हणून ते मागे तुंबतंय. अशात अर्धं यकृत काढलं तर तेवढंच रक्त उरलेल्या अर्ध्यातून जाऊ पाहतं. दाब आणखी चढतो, पोटात पाणी भरतं, कावीळ चढत जाते. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी बिलीरुबिन तीनच्या आसपास किंवा वर असेल आणि रक्त गोठण्याची क्षमताही निम्म्याखाली असेल, तर यकृत हार मानतंय असं सर्जन समजतात. त्या टप्प्यावर मागे फिरायला फारशी वाट नसते.

दुसरं माप आकारमानाचं. गाठ खोल असल्यानं सुरक्षित कडा ठेवून काढायची तर आपल्या रुग्णाचा उजवा भाग काढावा लागेल. सीटीवरून मोजलं तर एकूण यकृत १३०० मिलिलिटर आणि डावा भाग ४५०, म्हणजे सुमारे ३५ टक्के. निरोगी यकृत असतं तर २० ते २५ टक्केही पुरले असते. सिरोसिसमध्ये निदान ४० टक्के उरावे लागतात. उजवीकडची पोर्टल शाखा आधी बंद केली तर चार ते सहा आठवड्यांत डावा भाग वाढू शकतो, पण त्यानं वाढलेला दाब काही उतरत नाही. तेव्हा मोठं ऑपरेशन बाद. हीच गाठ यकृताच्या कडेला, पृष्ठभागाजवळ असती तर दुर्बिणीतून तेवढाच तुकडा काढण्याचा विचार करता आला असता. गाठीच्या आकाराइतकीच तिची जागाही निर्णय फिरवते.

मग अॅब्लेशन. सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधारानं त्वचेतून सुई थेट गाठीत घालायची आणि रेडिओ लहरी किंवा मायक्रोवेव्हच्या उष्णतेनं गाठ जागीच जाळायची. आजूबाजूचं यकृत फार थोडं जातं, म्हणून शिल्लक कमी असलेल्या रुग्णाला ते झेपतं. गाठीभोवती पाच ते दहा मिलिमीटर निरोगी कडाही जळायला हवी. दोन सेंटिमीटरखालच्या गाठींत निकाल फार चांगले येतात. जपानमधल्या सर्फ या चाचणीत तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत ऑपरेशन आणि रेडिओ लहरींचं अॅब्लेशन यांनंतर जगण्याच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. तिथले रुग्ण मात्र दोन्ही उपचार झेपतील असे निवडलेले होते.

अडचण येते ती शेजाऱ्यांची. आपल्या रुग्णाची गाठ यकृतातल्या एका मोठ्या शिरेला चिकटून आहे. वाहत्या नळाखाली धरलेलं भांडं जसं तापत नाही, तशी शिरेकडची बाजू रक्ताच्या प्रवाहानं थंड राहते आणि तिथल्या पेशी वाचतात. मायक्रोवेव्हला याचा फटका कमी बसतो, म्हणून इथे तोच निवडावा. गाठ पित्ताशयाला किंवा आतड्याला टेकलेली असेल तर उष्णता तिथे पोचू नये म्हणून मध्ये द्रव भरून अंतर वाढवतात. मुख्य पित्तनलिकेजवळ मात्र जाळणं धोक्याचंच.

तिसरा पर्याय केमोएम्बोलायझेशनचा. रुग्णालयात त्याला 'टेस' म्हणतात. जांघेतून किंवा मनगटातून धमनीत बारीक नळी घालून ती गाठीला रक्त पुरवणाऱ्या शाखेपर्यंत नेतात. तिथे लिपिओडॉल या तेलात मिसळलेलं डॉक्सोरुबिसिनसारखं औषध सोडायचं आणि मग कणांनी ती शाखा बंद करायची. गाठीची रसद तुटते, बाकीचं यकृत पोर्टल शिरेवर तगतं. पण पोर्टल शिरेची मुख्य वाट गुठळीनं बंद असेल, तर धमनी अडवल्यावर निरोगी भागच मरेल. बिलीरुबिन चढलेलं असेल किंवा पोटात न हटणारं पाणी असेल, तरीही टेस टाळतात. उपचारानंतर काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ होणं नेहमीचं आहे. काळजी करायची ती कावीळ वाढत गेली तर. आणि टेसनं गाठ आटोक्यात राहते, मुळासकट जाईलच असं नाही. लहान एकट्या गाठीत सुई पोचत नसेल तर, अॅब्लेशनच्या जोडीला किंवा प्रत्यारोपणाची वाट पाहत असताना, एवढ्याच वेळी माझ्या मते टेस योग्य आहे.

आपल्या रुग्णाला मायक्रोवेव्ह दिलं. महिन्यानं सीटी झाला तेव्हा गाठीची जागा काळी आणि निर्जीव, पण शिरेकडच्या कडेला धमनीच्या टप्प्यात उजळणारी बारीक चंद्रकोर. तेवढा कॅन्सर जिवंत आहे. अल्ब्युमिन आणि बिलीरुबिन जागचे हललेले नाहीत, म्हणून पुन्हा सुई घालता येते. नाहीच जमलं तर त्या शाखेपुरतं टेस. हे आकडे बिघडले असते तर चर्चा यकृत प्रत्यारोपणाकडे वळली असती. पाच सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ ही १९९६ च्या मिलान निकषांत बसते, आणि प्रत्यारोपणानं सिरोसिसही जातो. पण दाता, खर्च आणि आयुष्यभराची औषधं यांचा हिशेब वेगळाच.

गाठ पूर्ण गेली तरी सिरोसिस जागेवरच असतो. ऑपरेशननंतरही पाच वर्षांत बहुसंख्य रुग्णांत यकृतात पुन्हा गाठ दिसते. म्हणून सुरुवातीला दर तीन ते चार महिन्यांनी स्कॅन चुकवू नये, हिपॅटायटिस बीची गोळी स्वतःहून बंद करू नये, आणि कोणत्याही उपचाराच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: चाइल्ड-प्यू किती, पोर्टल शिरेतला दाब वाढलाय का, आणि उपचारानंतर यकृत किती टक्के उरेल.