एकच किल्ली, अनेक दारं

चोरी म्हटली की तुटलेलं कुलूप आणि उचकटलेली तिजोरी डोळ्यांपुढे येते. माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली, त्यामुळे माझ्या तर जरा जास्तच. पण संगणकाच्या दुनियेत एक चोरी अशी आहे, की तिच्यात काहीच तुटत नाही. तिला ‘क्रेडेन्शियल स्टफिंग’ म्हणतात.

समजा, तुम्ही कधीकाळी साड्या विकणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर ईमेल आणि पासवर्ड देऊन खातं उघडलंत, आणि नंतर ते विसरूनही गेलात. एके दिवशी तिथली ग्राहकांची यादी चोरीला जाते. अशा याद्या चोरबाजारात एकत्र होतात. चोराचा प्रोग्राम त्यातली ईमेल-पासवर्डची प्रत्येक जोडी भलत्याच संकेतस्थळाच्या दाराला लावून पाहतो. तीनदा चुकलं की खातं बंद, हा नेहमीचा पहारा इथे कामाला येत नाही. कारण एका खात्यावर प्रयत्न होतो एखाददुसराच, आणि तोही निरनिराळ्या ठिकाणांहून आल्यासारखा. बहुतेक जोड्या फुकट जातात. ज्याने दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला, त्याचं दार मात्र पहिल्याच फटक्यात उघडतं.

अमेरिकेतल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीत २०२३ साली हेच घडलं. लाळेच्या नमुन्यावरून माणसाची आनुवंशिक माहिती सांगणारी ही कंपनी. तिचे ग्राहक सुमारे १ कोटी ४० लाख. इतर ठिकाणांहून फुटलेले पासवर्ड वापरून चोर त्यांतल्या फक्त १४ हजार खात्यांत शिरले. म्हणजे हजारात एक.

पण या कंपनीत एक सोय होती. ज्यांची जनुकं तुमच्याशी जुळतात, असे दूरदूरचे नातेवाईक, त्यांची संमती असेल तर, तुमच्या खात्यात दिसत. चोराने एक खातं उघडलं की त्या घरातलं सगळं गणगोत त्याच्यापुढे हजर! अशा रीतीने सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. कुणाचं नाव, कुणाचं जन्मसाल, कुणाचं नातं. त्यांतल्या कितीजणांचे पासवर्ड अगदी वेगळे आणि भक्कम असतील. पण गाफील राहिला होता कुणीतरी चुलतभाऊ.

महिनोन्‌महिने हे चाललं आणि ऑक्टोबर २०२३मध्ये उघड झालं. असं का? तर दारात आलेल्याकडे खरी किल्ली होती. पहारेकऱ्याला संशय येतो तो फसलेल्या प्रयत्नांचा आकडा एकाएकी फुगला, तरच.

बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो. एक ग्राहकाकडे, दुसरी बँकेकडे. ग्राहकाची किल्ली चोराच्या हाती पडली, तरी तेवढ्याने काम होत नाही. पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा आकडा म्हणजे हीच दुसरी किल्ली. त्या कंपनीत ती ऐच्छिक होती. नोव्हेंबर २०२३मध्ये ती सक्तीची झाली.

तेव्हा प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवावा, तो पाठ होत नसेल तर घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवावा. निदान ईमेलचा तरी इतर कुठेच वापरू नये. कारण बाकीचे सारे पासवर्ड बदलण्याची वाट तिथूनच जाते.