इंटर्नशिपच्या अर्जाचा ई-मेल कसा लिहावा?



नवीन शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप आली आहे. ४ श्रेयांकांच्या इंटर्नशिपसाठी साधारण १२० तास काम करावे लागते. जागा मात्र बहुधा विद्यार्थ्यालाच शोधावी लागते आणि अर्ज ई-मेलने जातो. ‘मला संधी द्यावी, मी कष्टाळू आहे’ एवढेच त्यात लिहिलेले असते. यावरून कार्यालयाला काहीच ठरवता येत नाही. हा मुलगा कोणते काम करील आणि केव्हापासून केव्हापर्यंत येईल, एवढेच त्यांना हवे असते.

पनवेलचा बी.कॉम. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी न्हावा-शेवा बंदराशी संबंधित कस्टम ब्रोकरच्या कार्यालयात अर्ज करतो असे समजू. तेथे मालाचे इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट ताडून पाहण्याचे काम रोजचे असते. म्हणून त्याने असे लिहावे. (कार्यालयाचा व्यवहार इंग्रजीत असेल तर हाच मजकूर इंग्रजीत लिहावा.)

विषय: इंटर्नशिप अर्ज, बी.कॉम. तृतीय वर्ष, ४ मे ते ५ जून

‘महोदय, मला आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम शिकायचे आहे. कॉलेजच्या प्रकल्पात मी एका दुकानाची ६० बिले एक्सेलमध्ये नोंदवून स्टॉक रजिस्टरशी ताडून पाहिली. ४ मे ते ५ जून, सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते ४ या वेळेत मी येऊ शकतो. कॉलेजला १२० तासांचे प्रमाणपत्र लागते. रेझ्युमे सोबत जोडला आहे.’ खाली नाव, कॉलेज व मोबाइल नंबर.

तारखांचा हिशेब पाहा. रोज ६ तास धरले तर १२० तासांना २० दिवस लागतात. या मुदतीत सोमवार ते शुक्रवार असे २५ दिवस मिळतात. उरलेले ५ दिवस सणाची सुट्टी किंवा आजारपण यांसाठी हाताशी राहतात. ‘सुट्टीत कधीही येईन’ असे लिहिले की तारीख विचारण्याचे काम कार्यालयावर पडते आणि अर्ज मागे राहतो. परीक्षेची तारीख नक्की नसेल तर तेही स्पष्ट लिहावे.

रेझ्युमे एकच पानाचा, पीडीएफ स्वरूपात असावा. फाइलच्या नावात आपले नाव घालावे, नुसते ‘resume.pdf’ दहा जणांचे असते. ड्राइव्हची लिंक पाठवू नये, कारण परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला ती उघडत नाही. आधी फाइल जोडावी, मग मजकूर लिहावा आणि पत्ता सर्वांत शेवटी टाकावा. म्हणजे फाइल जोडायची राहून ई-मेल जात नाही. पहिला ई-मेल स्वतःलाच पाठवून दुसऱ्या मोबाइलवर उघडून पाहावा.

प्रत्येक कार्यालयाला वेगळा ई-मेल पाठवावा आणि कामाचे वाक्य त्या त्या कार्यालयाप्रमाणे बदलावे. आठवडाभरात उत्तर आले नाही तर त्याच ई-मेलखाली दोन ओळींचे स्मरणपत्र एकदाच पाठवावे. त्यानंतर त्या तारखा दुसऱ्या कार्यालयाला देण्यास आपण मोकळे असतो.