थकीत बिलाची नोटीस आणि त्यातले व्याज

थकलेल्या बिलांसाठी वकिलामार्फत पाठवलेल्या नोटिशीत मुद्दलावर फारसा वाद होत नाही. माल उतरवून घेतल्याचा शिक्का चलनावर असला की ती बाजू भक्कम असते. वाद रंगतो तो व्याजावर.

समजा, भोसरीतल्या एका लहान कारखान्याने एका कंपनीला पुठ्ठ्याची खोकी पुरवली. २,४०,००० रुपयांचे पहिले बिल १० मे २०२५ पर्यंत आणि १,५०,००० रुपयांचे दुसरे २२ जुलैपर्यंत फेडायचे होते. उशीर झाल्यास द.सा.द.शे. १८ दराने सरळव्याज, असे कंपनीच्याच सहीच्या पर्चेस ऑर्डरमध्ये लिहिलेले आहे. नोटीस निघाली ३ ऑक्टोबरला. पहिल्या बिलाला १४६ दिवसांचा उशीर झाला, म्हणून व्याज १७,२८० रुपये. दुसऱ्याला ७३ दिवसांचा, म्हणून ५,४००. एकूण मागणी ४,१२,६८० रुपये, आणि पुढे रोज सुमारे १९२ रुपये. प्रत्येक बिलाचा हिशेब असा वेगळा मांडावा लागतो. सगळी रक्कम एकत्र करून पहिल्या तारखेपासून व्याज लावले, तर समोरच्या वकिलाला आयतेच कोलीत मिळते.

मात्र हा दर फक्त बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला असेल, तर पाया कच्चा राहतो. माल देताना एकट्या विक्रेत्याने छापलेली अट खरेदीदाराने मान्य केली होती, हे दाखवावे लागते. दर अवाच्या सवा असेल तर करार कायद्याच्या कलम ७४ खाली तो दंड ठरवून न्यायालय कमी करू शकते. व्याजाचा करारच नसेल, तर १९७८ चा व्याज कायदा कामी येतो. लेखी करारानुसार ठरलेल्या तारखेला फेडायची रक्कम असेल तर त्या तारखेपासून, एरवी व्याज मागणाऱ्या लेखी नोटिशीच्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकते. म्हणून नोटिशीत व्याजाची स्पष्ट मागणी हवीच.

पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ चा एमएसएमई कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. करारात काहीही लिहिले असले तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हे व्याज आणि करारातले १८ टक्के, दोन्ही एकावर एक चढवता येत नाहीत.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवतात. साधारण १५ दिवसांची मुदत देतात. उत्तरात कंपनीने ‘माल खराब होता’ म्हटले, तर माल घेतल्यावर तिने तशी लेखी तक्रार कधी केली, हा पहिला प्रश्न.

नोटिशीने दाव्याची मुदत वाढत नाही. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या बिलाची तीन वर्षे १० मे २०२८ रोजी संपतात. त्याआधी कंपनीने सहीनिशी देणे कबूल केले, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मोजली जातात.