खतावणी ओळभर सरकली तर

संगमनेर तालुक्यातल्या आमच्या घराचा हिशेब दोघे मिळून ठेवतो. बँकेचा खातेउतारा मी उतरवून स्प्रेडशीटमध्ये घालतो आणि प्रत्येक ओळीसमोर वर्ग आई लिहिते: दुधाचा पगार, पेंड, शाळा, किराणा, औषधे. हे काम तिलाच जमते, कारण उताऱ्यात फक्त माणसाचे नाव असते. त्या माणसाकडून सरकी पेंड घेतली की उसने पैसे फेडले, हे बँकेला माहीत नसते.

एका महिन्यात मी एप्रिलपासूनचा पूर्ण उतारा पुन्हा उतरवला आणि जुन्यावर चिकटवला. आईने शीट उघडली आणि विचारले, “अरे, पेंडवाल्यासमोर शाळा कशी आली?” आमची बँक ताजे व्यवहार वर देते. वर नव्या ओळी आल्या, जुन्या खाली ढकलल्या गेल्या आणि आईने हाताने लिहिलेला रकाना मात्र होता तिथेच राहिला. चार महिन्यांचे वर्ग भलत्याच व्यवहारांना चिकटले. बेरजा मात्र बरोबर जुळत होत्या, म्हणून नुसत्या बेरजेवर ही चूक कधीच सापडली नसती. एक्सेलची पॉवर क्वेरी वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. क्वेरीचा तक्ता ताजा केला की तिच्या ओळी नव्याने मांडल्या जातात, आणि शेजारी हाताने लिहिलेला मजकूर आपल्या ओळीबरोबर जाईलच याची खात्री नसते.

मूळ दोष असा की आपण वर्ग व्यवहाराला जोडलेला नसतो, तो सातव्या किंवा सत्तराव्या ओळीला जोडलेला असतो. जुन्या पेढ्यांवरच्या मुनिमांना हा फरक पक्का ठाऊक होता. रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने उतरत आणि खतावणीत ते खात्यांनुसार वाटले जात. दोन्ही वह्यांना जोडायला पान क्रमांकाचा वेगळा रकाना असे. बँकेचा उतारा ही आपली कीर्द आणि आईचे वर्ग ही खतावणी. हरवलेला आहे तो मधला जोडरकाना, आणि तो आपल्यालाच तयार करावा लागतो.

हा जोड कशाचा करावा? पहिला विचार येतो यूपीआयच्या बारा आकडी संदर्भ क्रमांकाचा. पण व्याज, एटीएम आणि बँकेचे शुल्क यांना तो नसतो. शिवाय फसलेल्या व्यवहाराचे पैसे परत येतात तेव्हा त्या जमेच्या ओळीवर बहुधा मूळ खर्चाचाच क्रमांक असतो. दुसरा विचार तारीख, रक्कम आणि शिल्लक यांचा. शिल्लक फार कामाची आहे. एकाच दिवशी एकाच टपरीवर वीस-वीस रुपये दोनदा दिले, तरी त्यानंतरची शिल्लक वेगवेगळी असते. पण तिलाही एक भोक आहे. समजा खात्यात ८,४५० रुपये होते. १२ जुलैला किराण्याचे २४० दिले आणि शिल्लक ८,२१० झाली. दुकानदाराला पैसे पोहोचले नाहीत, ते परत आले आणि शिल्लक पुन्हा ८,४५० झाली. आपण पुन्हा २४० दिले, शिल्लक परत ८,२१०. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची तारीख, रक्कम, शिल्लक तंतोतंत एक आहे. फरक उरतो फक्त तपशिलातल्या संदर्भ क्रमांकाचा. म्हणून मी पाचही रकाने एकत्र गुंफतो. तपशील जिथे सारखा पडतो तिथे शिल्लक वेगळी निघते, आणि शिल्लक जिथे सारखी पडते तिथे तपशील.

फाईलमध्ये ‘उतारा’ आणि ‘वही’ अशा दोन शीट असतात. दोन्हींत A ते E मध्ये तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक हे रकाने असतात. नवा उतारा नेहमी पहिल्या शीटमध्येच चिकटवायचा. तिथे F मध्ये खूण तयार होते आणि G मध्ये ती खूण वहीत किती वेळा आहे ते दिसते:

```
F2: =TEXT(A2,"yyyymmdd")&"|"&TRIM(B2)&"|"&C2&"|"&D2&"|"&E2
G2: =SUMPRODUCT(--('वही'!$F$2:$F$5000=F2))
```

G मध्ये शून्य आले तर ओळ नवी आणि एक आले तर ती आधीच नोंदलेली. शून्यवाल्या ओळींचे A ते F उचलून वहीच्या तळाशी ‘फक्त मूल्ये’ म्हणून चिकटवायचे. वहीतल्या G मध्ये आई वर्ग लिहिते. वहीत कधीच काही वरून चिकटवले जात नाही, त्यामुळे तिचे अक्षर आपल्या ओळीवरून हलत नाही. मोजायला COUNTIF सोपे वाटते, पण तपशिलात तारांकन आले की ते त्याला ‘काहीही चालेल’ अशी खूण समजते. शिवाय नुसत्या आकड्यांचा लांब क्रमांक असेल, तर एक्सेल पंधरा अंकांपलीकडे फरक पाहत नाही. साधे बरोबरचे चिन्ह असे फसत नाही.

उतारा मी पहिल्या तारखेपासून घेत नाही, मागच्या महिन्याच्या २५ तारखेपासून घेतो. महिनाअखेरच्या त्या दिवसांच्या ओळी वहीत आधीच असतात, म्हणून त्यांच्यासमोर १ यायलाच हवा. तिथे ० दिसला तर नवे व्यवहार आले असे समजू नका, उताऱ्याचे रूप बदलले असे समजा. कधी 240 ही संख्या असते ती "240.00" अशी अक्षरे होऊन येते, कधी हजाराचा स्वल्पविराम आत राहतो, कधी तपशील मध्येच कापलेला असतो. तारखेचा घोळ सर्वांत फसवा असतो. शीटची भाषा-प्रदेश सेटिंग अमेरिकेची असेल तर 07/08/2025 हा दिवस ७ ऑगस्टऐवजी ८ जुलै होतो. 13/08/2025 मात्र तेरावा महिना नसल्यामुळे नुसता मजकूर राहतो. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे टेकलेल्या आणि काही डावीकडे दिसतात. गूगल शीट्समध्ये सेटिंग्जमधून भारत निवडून मग उतारा पुन्हा चिकटवावा.

शेवटची तपासणी वहीत, H रकान्यात:

```
H3: =ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

मागची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, वजा आत्ताची शिल्लक. प्रत्येक ओळीत शून्य यायला हवे. एखादा व्यवहार गळला किंवा दोनदा आला, तर नेमक्या त्या जागी आकडा उभा राहतो. त्यासाठी वही जुन्याकडून नव्याकडे लावलेली असावी लागते. ताजे व्यवहार वर देणाऱ्या बँकेचा उतारा आधी उलटा करावा. एकाच तारखेच्या ओळींचा आपापसातला क्रमही उलटला पाहिजे, नुसते तारखेने लावून तो उलटत नाही. दोन खाती असतील तर दोन वह्या ठेवाव्यात, नाहीतर ही साखळी जुळणार नाही. वर्गानुसार पाहायचे झाले तर फिल्टर लावावा, वही त्या क्रमाने लावू नये.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. एटीएममधून काढलेले ३,००० रुपये आठवडे बाजारात कुठे गेले, हे कोणताच उतारा सांगत नाही. आमच्या वहीत त्या ओळीसमोर आई ‘रोख’ लिहिते आणि पुढचे तपशील तिच्या डायरीत असतात.

तुमच्या शीटमध्ये आज हाताने लिहिलेले वर्ग असतील, तर पुढचा उतारा चिकटवण्याआधी एक काम करा. फाईलची प्रत काढा, जुन्या ओळींना F रकान्याची खूण लावा आणि ती मूल्ये म्हणून गोठवा. वर्ग आणि व्यवहार यांची जोडी अजून शाबूत आहे, तोवरच हे करता येते.