बॅकअप कार्डाच्या बाहेर हवा

समजा, पुण्यातला एक फ्लॅट आहे. पहाटे पाणी आलं की पंप आपोआप सुरू होतो आणि टाकी भरली की थांबतो. गिझर पंधरा मिनिटांनी बंद होतो. आजी रात्री उठल्या की बोळातला दिवा मंद लागतो. हे सगळं सांभाळणारा हब म्हणजे दिवाणखान्यातल्या कपाटावरचा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक. त्यावर होम असिस्टंट ही प्रणाली चालते आणि ती साठवलेली असते नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावर. एका रात्री वीज दोन-तीनदा येते-जाते. सकाळी पंप सुरूच होत नाही आणि हबही उठत नाही.

नवं कार्ड काही शे रुपयांत मिळतं, पण वर्षभर हळूहळू बसवलेली चाळीस-पन्नास ऑटोमेशन्स दुकानात मिळत नाहीत.

पाउलस स्कौटसेन यांनी 2013 मध्ये होम असिस्टंटची सुरुवात केली. ही प्रणाली मोफत आणि मुक्तस्रोत आहे. तिची जमेची बाजू अशी की घराची सगळी माहिती घरातच राहते. याच कारणाने ती जपण्याची जबाबदारीही घरातल्या माणसांवर येते. इथली कार्डं लवकर थकतात, कारण घरातल्या प्रत्येक सेन्सरचा प्रत्येक बदल `home-assistant_v2.db` या फाइलमध्ये लिहिला जातो. मूळ सेटिंगनुसार दहा दिवसांचा इतिहास ठेवला जातो आणि जुना पुसला जातो, म्हणजे लिहिणं-पुसणं अखंड चालू असतं. फ्लॅश मेमरी किती वेळा लिहिता येते याला मर्यादा असते. त्यात नेमकी लिहिताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. हब इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर असेल तर दुसरा धोका बराच कमी होतो, पहिला मात्र राहतोच.

कार्ड बहुधा आधी इशारा देतं. तापमानाचा आलेख अचानक आजपासूनच सुरू झालेला दिसतो. फाइलींच्या यादीत `home-assistant_v2.db.corrupt` अशा नावाची नवी फाइल येते, कारण बिघडलेला इतिहास बाजूला ठेवून प्रणालीने कोरी वही उघडलेली असते. कधी बदललेली सेटिंग्ज रीस्टार्टनंतर पुन्हा जुनीच दिसतात. असं काही दिसलं की त्याच दिवशी बॅकअप घ्यावा, पण आधीचे बॅकअप पुसू नयेत. आजारी कार्डावरून घेतलेल्या प्रतीत बिघडलेल्या फाइलीही येऊ शकतात आणि मग महिन्यापूर्वीची प्रतच कामाला येते.

बॅकअपमध्ये नेमकं काय असायला हवं, या प्रश्नावर बरेच जण चुकतात. ऑटोमेशन्स `automations.yaml` या साध्या मजकूर-फाइलमध्ये असतात हे कळल्यावर तेवढीच फाइल लॅपटॉपवर ठेवून अनेकजण निर्धास्त होतात. ती फाइल उघडली तर असं काही दिसतं:

```yaml
target:
  device_id: 4f0c2a9be1d84e7d9a3b6c58f2107e4d
```

हा लांबलचक क्रमांक पंपाच्या स्विचचा आहे, पण तो स्विचवर कुठेही छापलेला नसतो. स्विच पहिल्यांदा जोडला तेव्हा होम असिस्टंटने तो स्वतः तयार केला आणि `.storage` या लपलेल्या फोल्डरमधल्या नोंदवहीत लिहिला. नव्या कार्डावर तोच स्विच पुन्हा जोडला की त्याला नवा क्रमांक मिळतो. परत आणलेलं ऑटोमेशन यादीत दिसतं, वेळेवर चालूही होतं, पण ज्या उपकरणाला हाक मारतं ते आता अस्तित्वातच नसतं. त्याऐवजी ऑटोमेशनमध्ये असं लिहिलेलं असेल तर काम सोपं होतं:

```yaml
target:
  entity_id: switch.pani_pump
```

इथे नव्याने जोडलेल्या स्विचला तेच नाव दिलं की ऑटोमेशन पुन्हा चालतं. तरीही खरा उपाय म्हणजे पूर्ण बॅकअप. त्यात ऑटोमेशन्सबरोबर `.storage` मधल्या नोंदवह्या, वापरकर्त्यांची खाती, डॅशबोर्ड आणि निवडलेले ॲड-ऑन असं सगळं एकाच `.tar` फाइलमध्ये बांधलं जातं. फाइल फार मोठी होत असेल तर इतिहास वगळण्याची सोय आहे. दहा दिवसांचे आलेख गेले तरी पंप थांबत नाही.

हा बॅकअप हबवरच ठेवला तर तो त्याच कार्डावर लिहिला जातो आणि कार्डाबरोबरच जातो. जानेवारी 2025 च्या आवृत्तीपासून ठरावीक वेळी आपोआप बॅकअप घेणं सोपं झालं. पुढच्याच महिन्यात गुगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह ही ठिकाणं जोडली गेली. घरात नेटवर्कवरची हार्ड डिस्क असेल तर तीही चालते. दोन ठिकाणं निवडावीत आणि त्यातलं एक घराबाहेरचं असावं.

हे स्वयंचलित बॅकअप कुलूपबंद असतात. त्यांची किल्ली `emergency kit` नावाच्या छोट्या फाइलमध्ये मिळते. ती फाइल फक्त हबवर राहिली तर ड्राइव्हवरची शाबूत प्रतही उघडत नाही, आणि किल्ली हरवली तर ती दुसऱ्या कोणाकडून मिळवता येत नाही. म्हणून ती कागदावर छापून घराच्या कागदपत्रांत ठेवावी.

आता त्या सकाळकडे वळू. लॅपटॉपवरून नव्या कार्डावर होम असिस्टंट ओएस लिहायची, कार्ड पायमध्ये घालायचं आणि ब्राउझरमध्ये `homeassistant.local:8123` उघडायचं. स्वागताच्या पानावर नवं घर उभारण्याचा पर्याय ठळक दिसतो. तो सोडून बॅकअपमधून परत आणण्याचा पर्याय निवडायचा, फाइल चढवायची आणि किल्ली घालायची. मोठ्या फाइलला पाऊण तासही लागू शकतो. मध्येच पडदा निपचित दिसतो, तेव्हा वीज काढण्याचा मोह टाळावा. शेवटी जुन्याच नावाने आणि पासवर्डने आत जाता येतं.

झिगबीचे दिवे आणि सेन्सर पुन्हा जोडावे लागत नाहीत, कारण त्यांच्या जाळ्याची गुप्त किल्ली यूएसबीला लावलेल्या कोऑर्डिनेटर स्टिकमध्ये असते आणि ती स्टिक शाबूत आहे.

अडचण येते ती वायफायच्या उपकरणांची, तीही कार्डाऐवजी पायच बदलला असेल तेव्हा. राउटर नव्या पायला वेगळा आयपी पत्ता देतो आणि एमक्यूटीटीने बोलणारे स्विच जुन्याच पत्त्यावर संदेश पाठवत राहतात. परत आणणं यशस्वी झालेलं असतं, पण निम्मं घर `unavailable` दिसतं. राउटरमध्ये नव्या पायसाठी जुना पत्ता राखून ठेवला की ती उपकरणं परत येतात.

या सगळ्याची तालीम संकट येण्यापूर्वी करता येते. हब नीट बंद करून चालू कार्ड काढायचं, दुसऱ्या कार्डावर वरची कृती करायची आणि पंप, गिझर, बोळातला दिवा एकेक चालवून पाहायचे. काही अडलं तर जुनं कार्ड परत घालायचं, घर पूर्ववत होतं. फक्त जुनं आणि नवं असे दोन हब एकाच वेळी चालू ठेवू नयेत. दोन्ही आपापल्या परीने पंपाला हुकूम देऊ लागतात.

दुसरं कार्ड हाताशी नसेल तर निदान आज `Settings` मधून `System` आणि तिथून `Backups` हे पान उघडावं आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे व ती कुठे ठेवली आहे, एवढं पाहावं. तिथे फक्त हबचंच नाव दिसलं, तर दुसरं ठिकाण आजच जोडावं.